‘हाहा’नंतरचा मेसेज

समोरासमोर बोलताना एकाचा प्रश्न संपल्यापासून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. भाषावैज्ञानिक तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांमधली हो-नाहीची प्रश्नोत्तरं तपासून हे मोजलं. त्यांत जपानी होती, इटालियन होती, मेक्सिकोतली त्सेल्ताल होती. भारतातली एकही नव्हती, तरी जो कल त्यांना दिसला तो मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल: होकार लगेच येतो, नकाराला वेळ लागतो. ‘रविवारी येशील ना?’ असं विचारल्यावर समोरच्यानं क्षणभर थांबून ‘अं...’ केलं की तो येणार नाही हे त्या ‘अं’मध्येच कळतं. पुढची सबब आपण फक्त ऐकून घेतो.

व्हॉट्सॲपवर मात्र या अंदाजाचा आधार सुटतो. तिथला उशीर सेकंदांत नसतो, तासांत असतो, आणि त्याला शंभर कारणं असू शकतात. मीटिंग, लोकलमधली गर्दी, संपलेली बॅटरी, घरात आलेले पाहुणे, किंवा उत्तर काय द्यावं हे न सुचणं. तरीही वाट बघणाऱ्याचं मन समोरासमोरच्या बोलण्याचंच मोजमाप लावतं आणि प्रत्येक तासाला त्या शांततेचा नवा अर्थ काढतं. मेसेज थोडा लाडिक, थोडा छेडणारा असेल तर ही तगमग आणखी वाढते.

एक प्रसंग घेऊ. कल्पनेतला आहे, पण रोज कुठे ना कुठे घडणारा. पुण्यातल्या एका ट्रेकिंग ग्रुपमधली दोन माणसं. रविवारी सगळे राजगडावर जाऊन आले. पद्मावती माचीवर या दोघांनी शेजारी बसून डबे उघडले, गप्पा मारल्या, उतरताना नंबरही घेतले. सोमवारी रात्री तिनं बालेकिल्ल्यावरचा स्वतःचा फोटो स्टेटसला ठेवला. साडेनऊ वाजता त्यानं त्यावर लिहिलं, ‘गड बघायला आलो होतो, पण लक्ष भलतीकडेच होतं’ आणि शेवटी डोळा मारणारा इमोजी टाकला. दहा मिनिटांत दोन्ही टिका निळ्या झाल्या. मग रात्रभर काही नाही. मंगळवारी दुपारी दोन वाजता उत्तर आलं: ‘हाहा’.

आता पुढे काय?

आधी त्या साडेसोळा तासांबद्दल. उत्तर न आलेला माणूस जितका हलतो तितकं हलायला तसं काही घडलेलं नसतं, हे त्यालाही कळतं. पण कळून उपयोग होत नाही, आणि त्याला कारण आहे. किप्लिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाला एकदा बागेत दोन अनोळखी माणसांनी फ्रिस्बीच्या खेळात घेतलं, काही वेळ त्याच्याकडे चकती फेकली आणि मग अचानक फेकणं थांबवलं. एवढ्याशा गोष्टीनं आपल्याला इतकं का लागलं, या प्रश्नातून त्यानं पुढे ‘सायबरबॉल’ नावाचा प्रयोग रचला. पडद्यावर तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकतात; थोड्या वेळानं बाकीचे दोघं तिसऱ्याला चेंडू द्यायचं बंद करतात. काही मिनिटांचा, बिनमहत्त्वाचा खेळ, तरी वगळलेल्या माणसाला आपण कुणाचे नाही, आपली किंमत कमी झाली असं वाटू लागतं. २००४ सालच्या एका प्रयोगात तर लोकांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणक खेळतोय. तरीही त्यांना लागलंच.

म्हणजे रात्री अकरा वाजता पोटात जो खड्डा पडतो तो खरा असतो, पण तो समोरच्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही. संगणकानं वगळलं तरी तो पडतो. त्या अवस्थेत लिहिलेला मेसेज समोरच्यासाठी नसतो, स्वतःचा खड्डा बुजवण्यासाठी असतो. त्यामुळे त्या रात्री दुसरा मेसेज पाठवू नये, एवढं एकच पथ्य कडकपणे पाळावं. फोन चार्जिंगला लावून दुसऱ्या खोलीत ठेवणं हा उपाय अगदी साधा आहे, पण चालतो.

निळ्या टिकांवर तर्क लढवण्यातही अर्थ नाही. व्हॉट्सॲपनं त्या २०१४ साली आणल्या तेव्हापासून त्यांच्यावर नात्यांचे निकाल लागत आलेत. पण निळी टिक एवढंच सांगते की मेसेज उघडला गेला. तो बसमध्ये चढता चढता उघडला की निवांत बसून तीनदा वाचला, हे ती सांगत नाही. ज्यानं वाचल्याची खूण बंद करून ठेवली आहे त्याच्या बाबतीत तर टिक करडीच राहते, आणि सूचनेच्या पट्टीवर मेसेज वाचून घेणाऱ्याच्या बाबतीतही. ‘लास्ट सीन’ पाहून ‘ऑनलाइन होती, तरी उत्तर नाही’ असा हिशेब मांडत बसलं तर झोप जाते, हाती काही लागत नाही.

काहीतरी कळू शकतं ते उत्तर आल्यावर, आणि तेही त्या माणसाच्या नेहमीच्या सवयीशी ताडून पाहिल्यावर. काही माणसं सगळ्यांनाच दुसऱ्या दिवशी उत्तर देतात. काही जण सख्ख्या भावालाही ‘ओके’ आणि ‘हं’ यापलीकडे लिहीत नाहीत. उशिरा आलेलं पण भरघोस उत्तर, ‘अरे सॉरी, काल आई आली होती, आत्ता बघितलं, आणि हो, लक्ष कुठे होतं ते माहितीय मला’, हे थंड नसतंच. उलट एरवी ग्रुपवर लांबलचक लिहिणारी, प्रत्येक फोटोला काहीतरी बोलणारी मुलगी या एकाच मेसेजला चौदा-सोळा तासांनी दोन अक्षरांत उत्तर देते, तेव्हा तिनं काहीतरी सांगितलेलं असतं.

काय सांगितलेलं असतं? इथे १९९९ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास फार उपयोगाचा आहे. सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी तरुण मुलींशी नकार देण्याबद्दल चर्चा केल्या आणि संभाषणाच्या शास्त्राच्या नजरेनं त्या तपासल्या. त्या काळी मुलींना ‘सरळ नाही म्हणा’ असं शिकवण्याची मोहीम जोरात होती. या दोघींचं म्हणणं असं की रोजच्या जगण्यात सरळ ‘नाही’ कुणीच म्हणत नाही. चहाचं आमंत्रण नाकारतानाही माणसं थांबतात, आढेवेढे घेतात, कारण देतात, काहीतरी गोड बोलतात, आणि समोरच्याला ते नकार म्हणून बरोबर कळतं. मग केवळ प्रेमाच्या किंवा शरीराच्या बाबतीत ‘मला कळलंच नाही’ म्हणणाऱ्याचं खरं मानायचं कारण काय?

त्या अभ्यासाच्या उजेडात ‘हाहा’ पाहिलं तर त्याची घडण दिसते. उशीर आहे. गोडवा आहे, कारण ते हसणं आहे, रागावणं नाही. उलट प्रश्न नाही. ‘लक्ष कुठे होतं?’ असं विचारायची मोकळी जागा समोर होती, ती तिनं सोडून दिली. आपल्याकडचे ‘हो का’, ‘बरं’, ‘थँक्स’, ‘बघू’ आणि नुसता अंगठा हे सगळे याच घरातले. एका मेसेजवरून ठाम निकाल देता येत नाही, पण पहिला अंदाज ‘सभ्य नाही’ हाच धरावा. तो चुकला तर फारसं बिघडत नाही, कारण ज्याला रस असतो तो माणूस दार पुन्हा उघडतो. उलटा अंदाज चुकला तर त्याचा त्रास दुसऱ्याला होतो.

तो त्रास पाठवणाऱ्याला दिसत नाही, ही यातली खरी अडचण. कॉर्नेल विद्यापीठाच्या व्हेनेसा बोन्स आणि लॉरेन डिव्हिन्सेंट यांनी २०१९ साली याच विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. नको असलेला प्रेमाचा पुढाकार नाकारणं समोरच्याला किती अवघड जातं, याचा अंदाज पुढाकार घेणाऱ्याला कमीच येतो, असा त्यांचा निष्कर्ष. विचारणाऱ्याला वाटतं, ‘नको असेल तर सांगेल की.’ ज्याला सांगायचं असतं तो मात्र विचार करत असतो की पुढच्या ट्रेकला हा असणार, ग्रुपमध्ये चर्चा होणार, चांगला मुलगा आहे, उगाच दुखवायला नको. मंगळवारी दुपारी आलेलं ‘हाहा’ अशा बऱ्याच घालमेलीतून निघालेलं असू शकतं. टाइप करून खोडलेली तीन उत्तरं त्याच्या मागे असतील.

सावरून घेण्याचं सगळं कौशल्य इथून सुरू होतं. पुढचा मेसेज असा हवा की समोरच्याला पुन्हा नकार देण्याचं काम पडू नये. ही कसोटी लावली की कोणते मेसेज पाठवू नयेत ते आपोआप ठरतं.

‘काही चुकलं का माझं?’ हा सगळ्यांत जास्त पाठवला जाणारा दुसरा मेसेज असावा. दिसायला नम्र आहे, पण तो तिला दोनच वाटा ठेवतो: ‘नाही रे, तसं काही नाही’ असं खोटं बोलायचं, नाहीतर ‘हो, चुकलं’ असं तोंडावर सांगायचं. म्हणजे जे काम तिनं ‘हाहा’नं टाळलं, तेच आता पुन्हा पुढ्यात. ‘अगं, मस्करी केली, एवढं काय मनावर घेतेस’ हा त्याहून वाईट, कारण तिनं काही मनावर घेतल्याचं दाखवलेलंच नव्हतं; हा मेसेज तिच्यावर तो आरोप करतो. एकटं प्रश्नचिन्ह म्हणजे तर थेट तगादा. आणि आणखी जोरदार छेडछाड करून पहिला मेसेज फिका पाडायचा, हा मार्ग आपण विनोदी आहोत असं समजणाऱ्यांना फार आवडतो. पण पाठवणाऱ्याच्या डोक्यातला सूर वाचणाऱ्यापर्यंत पोचतोच असं नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या प्रयोगात लोकांनी ईमेलवरून काही वाक्यं उपरोधानं आणि काही गंभीरपणे लिहून पाठवली. आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा ओळखला जाईल असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच ओळखला गेला, म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तरी फार फरक पडला नसता.

मेसेज डिलीट करून टाकण्याचा मोहही अनेकांना होतो. व्हॉट्सॲप ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला सुमारे दोन दिवस देतं, पण मेसेज काढून टाकल्याची ओळ तिथे राहतेच. समोरच्यानं वाचलेलं, उत्तर दिलेलं वाक्य गायब होऊन त्या जागी ती ओळ दिसली की साधा प्रसंग संशयास्पद होतो. मेसेज मर्यादा सोडून होता आणि अजून वाचला गेलेला नाही, तर काढावा. वाचून झालेला, निरुपद्रवी मेसेज राहू द्यावा.

मग पाठवायचं काय? आपल्या प्रसंगातला मुलगा मंगळवारी संध्याकाळी असं लिहू शकतो: ‘राजगड मात्र भारी झाला. पाय अजून बोलतायत.’

साधी दोन वाक्यं आहेत, पण त्यांत काय आहे आणि काय नाही ते नीट पाहण्यासारखं आहे. आदल्या मेसेजचा उल्लेख नाही, माफी नाही, खुलासा नाही. ‘मात्र’ या शब्दानं विषय हलकेच वळतो आणि दोघांच्या सामायिक गोष्टीवर, म्हणजे गडावर, येतो. प्रश्न नाही, त्यामुळे उत्तर देणं तिला बंधनकारक नाही. तरी उत्तर द्यायचं असेल तर ‘माझेही’ एवढं म्हणायला जागा आहे. रविवारी माचीवर ज्या सुरात दोघं बोलत होते तोच सूर आहे, म्हणजे मधली रात्र जणू पुसली गेली. तिला जर नकोच असेल, तर तिच्या लक्षात येतं की यानं ओळखलं आणि अवघड केलं नाही. तिला जर आवडलं होतं आणि नुसतं सुचलं नव्हतं, तरी हा मेसेज काही बिघडवत नाही. दोन्ही शक्यतांत एकच मेसेज चालतो, म्हणून तो चांगला.

काहीच न लिहिणं हाही तितकाच चांगला पर्याय आहे. विशेषतः ओळख अगदी नवी असेल, सांगण्यासारखं सामायिक काही नसेल, तर ‘हाहा’वर संवाद थांबू द्यावा. शेवटचा शब्द आपला असला पाहिजे असा नियम नाही.

यानंतर पुढची पाळी समोरच्याची. इथे बहुतेकांचा संयम सुटतो. दोन वाक्यं पाठवली, अंगठा आला, मग गुरुवारी ‘काय चाललंय’, शनिवारी एक रील, सोमवारी ‘गुड मॉर्निंग’. प्रत्येक मेसेज सुटा पाहिला तर निरुपद्रवी आहे, पण चॅट उघडून वरपासून पाहिलं तर उजवीकडची हिरवी रांग लांबत चाललेली आणि डावीकडे अधूनमधून एखादा शब्द. आपलं काय चाललंय हे तपासायला याहून सोपी खूण नाही. सलग काही दिवस संवाद एकाच बाजूनं सुरू होत असेल तर तो संवाद उरलेला नाही.

रस आहे हे ओळखायचं कसं, तर तीन गोष्टी पाहाव्यात. समोरचा उलट प्रश्न विचारतो का? विचारल्यापेक्षा थोडं जास्त, स्वतःबद्दलचं काही सांगतो का? आणि कधीतरी स्वतः सुरुवात करतो का? यातली तिसरी सर्वांत भरवशाची. समजा बुधवारी तिचा मेसेज आला: ‘माझे पण! ऑफिसचा जिना उतरताना रडू येत होतं. तुझ्या गुडघ्याचं काय झालं, उतरताना दुखत होता ना?’ इथे तिन्ही गोष्टी आहेत, वर तिला रविवारचं लक्षात आहे. आता गप्पा रंगू द्याव्यात. पण लगेच पुन्हा छेडणारा मेसेज टाकायची घाई नको. ‘हाहा’ कदाचित नकार नव्हता, वेग जास्त झाल्याची खूण होती. पुढची छेड तिच्याकडून आली तर फारच उत्तम. आणि समजा बुधवारी नुसता अंगठा आला, तर उत्तर मिळालं. ग्रुपमधली मैत्री शाबूत आहे, वैयक्तिक चॅट तिथेच थांबलं.

हे सगळं उलट्या बाजूनंही तितकंच लागू आहे. मुलीनं धीर करून ‘तो निळा शर्ट रोज घालत जा’ असं लिहावं आणि मुलानं ‘थँक्स’ एवढंच म्हणावं, हेही रोज घडतं. तिला वर आणखी एक ओझं असतं: ‘मुलगी असून आपण पुढाकार घेतला’ याची बोच. ती बोच घालवायला म्हणून ती बरेचदा त्याच्यावर उखडते किंवा मैत्रिणींच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकते. स्क्रीनशॉट हा खरं तर मुलं-मुली दोघांचाही मोठा घोटाळा. पाच मित्र बसून ‘थँक्स’चा अर्थ लावतात तेव्हा त्यांच्याकडे त्या माणसाच्या सवयींची माहिती शून्य असते, आणि मित्राला बरं वाटावं म्हणून ते आशेचाच अर्थ काढतात. शिवाय एखाद्यानं खासगीत केलेला सौम्य नकार पाच फोनांवर जातो.

माफीची गरज केव्हा असते? पहिला मेसेज नुसता लाडिक होता तर नसते. तिथे माफी मागितली की लहान गोष्ट मोठी होते. पण मेसेजमध्ये शरीराबद्दल काही होतं, तो रात्री एक वाजता गेला होता, किंवा समोरचं माणूस आपल्या हाताखाली काम करणारं, आपल्याकडे शिकणारं होतं, तर थंड उत्तर ही वेगळीच सूचना आहे. तिथे एकदाच, नेमकी माफी मागावी: ‘काल रात्री मी जे लिहिलं ते बरोबर नव्हतं. सॉरी. पुन्हा होणार नाही. उत्तर द्यायची गरज नाही.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण ‘माफ केलंस ना?’ म्हटलं की दिलासा देण्याचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडतं. कामाच्या ठिकाणी तर विषय माफीवर संपेलच असं नाही. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली नको असलेली लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी तक्रारीचा विषय ठरते, मग ती मेसेजवर का असेना.

आणि न थांबण्याला कायद्यानं सीमा घातली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाची व्याख्या आहे. स्त्रीनं अनिच्छा स्पष्टपणे दाखवूनही एखादा पुरुष जवळीक साधण्यासाठी तिच्याशी वारंवार संपर्क करत राहिला तर तो गुन्हा ठरतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. एक ‘हाहा’ आणि त्यावर एक मेसेज हा अर्थातच त्यातला प्रकार नाही. पण उत्तर येत नाही म्हणून इन्स्टाग्रामवर, तिथे नाही म्हणून दुसऱ्या नंबरवरून, असं सुरू झालं की माणूस त्या सीमेकडे निघालेला असतो. ब्लॉक केलेलं असेल, ‘मेसेज करू नकोस’ असं सांगितलेलं असेल, तर तिथे सावरून घेण्यासारखं काही नाही. तिथे फक्त थांबणं आहे.

राहिली समोरासमोरची भेट. मेसेजवर निभावून नेलेली माणसं इथे अडखळतात. पुढच्या महिन्यात त्याच ग्रुपचा ट्रेक ठरतो, आणि नाकारला गेलेला येतच नाही, किंवा येतो आणि दिवसभर तिच्याकडे पाहायचं टाळतो. तिला यातून एवढंच कळतं की आधीची मैत्री अटीवरची होती. म्हणून जावं. भेटल्यावर बाकीच्यांना जितकं ‘काय, कशी आहेस’ म्हणतो तितकंच म्हणावं. मुद्दाम शेजारी बसू नये, मुद्दाम लांबही बसू नये. ‘त्या दिवशीचं...’ हा विषय आपण काढू नये. तिनं काढला तर ‘हो, लिहून गेलो तसं, काही नाही’ म्हणून डबा पुढे करावा. पहिली पंधरा-वीस मिनिटं अवघड जातात. नंतर चढ लागतो, पाण्याची बाटली मागावी लागते, कुणाचा तरी पाय घसरतो, आणि बोलणं आपसूक सुरू होतं.